पहिले भाषण

(नवनिर्वाचित सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिला सरपंचाची कथा सांगावयाची म्हटली म्हणजे सांगणारा बहुधा निवडणुकीच्या निकालापाशी येऊन थांबतो. गुलाल उधळला जातो, मिरवणूक निघते, सत्कार होतो, आणि तेथेच कथा संपते. वास्तविक त्या दिवशी बदललेले असते ते फक्त कार्यालयातील फलकावरचे नाव. कथेला वळण मिळते ते त्यानंतर काही दिवसांनी, नवी सरपंच ग्रामसभेपुढे प्रथम उभी राहते तेव्हा. ते वळण कसे येते आणि पुढे ते टिकते की विरते, हे एका गावाच्या कथेतून पाहावयाचे आहे. हे गाव नकाशावर शोधू नये. ते कल्पनेतले आहे. परंतु त्यातील वह्या, नियम आणि अडचणी आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या अधिनियमानुसार चालतो. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे १९८९ साली सर्व सदस्य महिला असलेली ग्रामपंचायत निवडून आली होती, परंतु असे प्रसंग विरळाच. घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली आणि एकतृतीयांश जागा व पदे स्त्रियांसाठी राखीव झाली. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. पुढे २०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. १८ डिसेंबर २०२२ रोजी राज्यातील सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. आपल्या कथेतील सरपंचबाई त्याच दिवशी निवडून आल्या असे समजावे.

गाव १,१४० मतदारांचे. ग्रामपंचायतीत सरपंचाखेरीज नऊ सदस्य. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघाले तेव्हा घरातल्या कर्त्या पुरुषाने आपल्या पत्नीचा अर्ज भरला. प्रचारपत्रकावर तिच्या छायाचित्राशेजारी त्याचे छायाचित्र होते आणि ते आकाराने थोडे मोठेच होते. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या, वय अडतीस. निवडून आल्यानंतर पहिले दोन आठवडे लोक कामे घेऊन घरी येत ते पतीकडे. बाई चहा देत आणि सांगितलेल्या जागी सही करीत. वित्त आयोगाच्या निधीतून रक्कम अदा करताना सरपंचाची अंकीय स्वाक्षरी लागते. ती ज्या छोट्याशा उपकरणात असते ते उपकरण संगणक चालकाच्या खणात राही. सही आपली, परंतु ती कोणत्या रकमेवर उमटते हे आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट बाईंच्या मनात सलू लागली.

याच सुमारास गावाचे पाणी बंद झाले. पंपाचे वीजबिल थकले होते. वीज तोडली गेली आणि नऊ दिवस गावाने विहिरीवरून पाणी वाहिले. वाहिले म्हणजे बायकांनी वाहिले. अकराव्या दिवशी बाई कार्यालयात गेल्या आणि ग्रामसेवकांना म्हणाल्या, “भाऊसाहेब, पाणीपट्टी कुणी भरली आणि कुणी नाही, हे कोणत्या वहीत असतं?”

ग्रामसेवकांनी नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, पुढे केली. तीन संध्याकाळी बाई ती वही घेऊन बसल्या. दहावीत शिकणारी मुलगी बेरजा करी आणि बाई नावे वाचीत. नोंदवहीत जे सापडले ते असे. गावात २४० घरांना नळजोडणी आहे. खाजगी नळाची विशेष पाणीपट्टी वर्षाला ७२० रुपये, म्हणजे महिन्याला ६० रुपये. सर्वांनी भरली तर वर्षाला १,७२,८०० रुपये यावयास हवेत. २०२१-२२ मध्ये १०० घरांनी भरली आणि ७२,००० रुपये आले. खर्चाची बाजू पाहिली तर पंपाचे वीजबिल महिन्याला सुमारे १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००. पाणी सोडणाऱ्या शिपायाचे मानधन ६०,०००. क्लोरीन पावडर आणि किरकोळ दुरुस्ती २४,०००. एकूण २,२८,००० रुपये. म्हणजे प्रत्येक घराने पट्टी भरली असती तरीही ५५,२०० रुपये कमीच पडले असते. वीज तुटली ती एका वर्षाच्या आळसामुळे नव्हे. दरच मुळात खर्चाला पुरणारा नव्हता, आणि तोही निम्म्याहून कमी घरे देत होती.

मग मुलीच्या नजरेस एक विचित्र गोष्ट आली. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या आठ महिन्यांत ४१ घरांनी मिळून २९,५२० रुपये भरले होते. आणि उमेदवारी अर्जाच्या एकाच आठवड्यात २३ घरांनी ५०,४०० रुपये भरले होते. कारण उघड होते. ग्रामपंचायतीची थकबाकी असलेल्यास निवडणुकीत बाधा येते, आणि एकत्र कुटुंबातील एकाची थकबाकी सर्वांना अपात्र ठरवू शकते. म्हणून उमेदवारांच्या घरांनी बाकी नसल्याचा दाखला मिळविण्यासाठी वर्षानुवर्षांची थकबाकी एका दमात भरली होती. त्या २३ पावत्यांत एक पावती सरपंचबाईंच्या सासऱ्यांच्या नावाची होती. चार वर्षांचे २,८८० रुपये, आणि तारीख अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसाची.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभासदांची सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. अनेक गावांत ती कागदोपत्रीच होते. चार नावांपुढे अंगठे उमटतात आणि इतिवृत्त पूर्ण होते. या गावात ती २५ जानेवारीस अंगणवाडीत खरोखरच भरली. पाण्याचा विषय निघताच गावाच्या टोकाला असलेल्या वस्तीतील एक वृद्धा म्हणाली, “आमच्याकडं वीज गेली की पाणी येतं.”

सगळ्या हसल्या. वीज गेली तर पाणी कसे येईल? बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “मावशे, वीज असताना काय येतं?” म्हातारी म्हणाली, “नुसती हवा. नळ फुसफुसतो.”

त्या एका वाक्यात साऱ्या योजनेचे निदान होते. पंप पाणी उंचावरील टाकीत चढवितो. टाकीतून पाणी उताराने आपोआप गावात येते, त्यासाठी विजेची गरज नसते. परंतु टाकीजवळच्या घरांनी नळालाच छोटी विद्युत मोटर, ज्याला गावात टिल्लू म्हणतात, जोडलेली होती. पाणी सुटले की या मोटारी वाहिनीतले पाणी ओढून घेत आणि शेवटच्या वस्तीपर्यंत दाब पोहोचतच नसे. वीज गेली की मोटारी बंद पडत आणि टाकीतले पाणी वस्तीपर्यंत जाई. वाहिनी जुनी झाली म्हणून पाणी पोहोचत नाही, अशी तोवर गावाची समजूत होती आणि नव्या वाहिनीच्या अंदाजपत्रकाची बोलणी चालू होती. ती वाहिनी झाली असती तरी मोटारी तशाच राहिल्या असत्या आणि वस्तीचा नळ तसाच फुसफुसत राहिला असता. दोष ओळखण्याची खूण सोपी होती. ज्या वस्तीला वीज गेल्यावरच पाणी मिळते, तेथे दोष बहुतेक वेळा वाहिनीत नसतो, वाहिनीला लावलेल्या मोटारींत असतो. ही खूण रोज नळाशी उभ्या राहणाऱ्या बाईलाच ठाऊक होती. तिला आजवर कोणी विचारले नव्हते.

२६ जानेवारी २०२३. ध्वजवंदनानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. या गावासाठी ती १००. हजेरीपटावर १३४ सह्या झाल्या, आणि त्यांत ५२ स्त्रिया होत्या. आदल्या दिवशीच्या सभेचा तो परिणाम. पतीने भाषणाचा कागद लिहवून आणला होता. त्यात व्यासपीठावरील मान्यवरांची नावे होती, मतदारांचे आभार होते, विकासाची गंगा होती. पाणीपट्टीचा उल्लेख नव्हता.

बाईंनी कागदावरील आभाराच्या दोन ओळी वाचल्या. मग कागद घडी करून ठेवला, नमुना ९ ची वही उघडली आणि त्या बोलू लागल्या. आवाज सुरुवातीला कापत होता.

“मंडळी, नऊ दिवस पाणी नव्हतं. कुणी म्हणालं, सरपंच बाई आहे म्हणून असं झालं. म्हणून मी वही वाचली. या पाण्याला वर्षाला दोन लाख अठ्ठावीस हजार खर्च येतो. मागल्या वर्षी आपण बहात्तर हजार दिले. बाकीचं पाणी आपण उधार प्यालो. वीजवाल्यांनी उधारी बंद केली, एवढंच झालं.

“गावाकडं पैसा नाही असं कुणी म्हणू नये. अर्ज भरायच्या आठवड्यात पन्नास हजार चारशे रुपये आले. आठ महिन्यांत आले त्याच्यापेक्षा जास्ती. तेवीस घरांनी भरले. मी दुसऱ्याचं नाव घेत नाही, आमच्या घरचंच सांगते. मामंजींच्या नावावर चार वर्षांची बाकी होती. दोन हजार आठशे ऐंशी. अर्जाच्या आदल्या दिवशी भरली. खुर्चीसाठी भरली, पाण्यासाठी नाही भरली.”

पटांगणात शांतता पसरली. पती पहिल्या रांगेत बसले होते. ग्रामसभेत ते एक मतदार होते आणि त्या नात्याने बोलण्याचा त्यांना अधिकार होता. ते बोलले नाहीत. माजी सरपंच उठून म्हणाले, “सूनबाई, पहिल्याच सभेत वसुलीची भाषा शोभत नाही. आधी वस्तीत पाणी पोचवा, मग पैसे मागा.”

“आबा, तुमचं खरं आहे,” बाई म्हणाल्या. “वस्तीचं पाणी का पोचत नाही ते काल कळलं. वीज गेली की पोचतं. म्हणजे नळाला मोटारी लागल्यात. आमच्याही घराला आहे. पहिली नोटीस आमच्या घराला निघेल, आणि आठ दिवसांत मोटर निघाली नाही तर नळ तुटेल. मग बाकीच्यांना नोटिसा. वस्तीला सकाळी पहिला तास पाणी, गावाला त्याच्यानंतर. तसा व्हॉल्व्ह टाकीपाशीच आहे, तो फक्त फिरवायचा आहे. आणि दर महिन्याला साठाचे ऐंशी करावे लागतील. दोनशे चाळीस घरांचे ऐंशी रुपयांनी वर्षाला दोन लाख तीस हजार चारशे होतात. खर्च भागून दोन हजार चारशे उरतात. याच्यात कुणाला चूक दिसली तर वही इथंच आहे.”

भाषण येथे संपले. जेमतेम सात मिनिटे झाली असतील. टाळ्या पडल्या नाहीत. वस्तीतील एका तरुणाने वही मागून घेतली, एका शिक्षकाने बेरीज पडताळली, आणि चर्चा दीड तास चालली. कथेतले वळण हेच. त्या दिवसापर्यंत गावात प्रश्न होता की सरपंचांच्या घरी कोणाला भेटावे. त्या दिवसानंतर प्रश्न झाला की वहीत काय लिहिले आहे.

परंतु वळण आले म्हणजे वाट सरळ झाली असे नव्हे. पुढे तीन अडचणी आल्या, आणि त्या अधिकारी व सदस्य या दोघांनीही लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली अडचण इतिवृत्ताची. दुसऱ्या दिवशी सहीसाठी आलेल्या मसुद्यात संपूर्ण भाषणाबद्दल एकच ओळ होती : “सरपंच यांनी पाणीपुरवठ्याबाबत मार्गदर्शन केले.” ग्रामसेवकांचा यात काही वाईट हेतू नव्हता. वर्षानुवर्षे इतिवृत्त असेच लिहिले जात असे. परंतु या ओळीच्या आधारे ना नोटीस काढता येते, ना दर बदलता येतो. बाईंनी सही केली नाही. त्यांच्या सांगण्यावरून मसुदा पुन्हा लिहिला गेला. त्यात खर्चाचा आकडा, वसुलीचा आकडा, मोटारींबाबतचा ठराव, सूचक व अनुमोदक यांची नावे, आणि दरवाढीची शिफारस स्वतंत्र क्रमांकांनी आली. ग्रामसभेत उच्चारलेला शब्द ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात उतरला नाही तर प्रशासनाच्या दृष्टीने तो उच्चारलाच गेला नाही.

दुसरी अडचण अधिकाराची. ग्रामसभेने शिफारस केली तरी कराचा दर ठरतो तो पंचायतीच्या सभेत, नियमांनी घालून दिलेल्या किमान व कमाल मर्यादेत, आणि हरकतींसाठी नोटीस प्रसिद्ध करून. सरपंच थेट जनतेतून आलेली असली तरी पंचायतीच्या सभेत तिला बहुमत सोबत घ्यावेच लागते. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे अविश्वासाचा प्रस्ताव आणता येत नाही, त्यामुळे खुर्ची स्थिर असते. परंतु स्थिर खुर्चीवर बसूनही ठराव अडून राहू शकतात. या गावात फेब्रुवारीच्या सभेत दरवाढीचा विषय पुढे ढकलला गेला. त्या सभेला पती दारापर्यंत आले होते. मासिक सभेत त्यांना स्थान नाही, हे ग्रामसेवकांनी सौम्य शब्दांत सांगितले आणि ते बाहेर थांबले. मार्चच्या सभेत विषय पुन्हा आला. तोवर बाई एकेका सदस्याच्या घरी वही घेऊन जाऊन आल्या होत्या. ठराव सहा विरुद्ध चार मतांनी संमत झाला, आणि हरकती ऐकून नवा दर १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला.

तिसरी अडचण वसुलीची. भाषणाने थकबाकी भरली जात नाही. आधी बिल बजावावे लागते, नंतर मागणीची नोटीस, आणि शेवटचा उपाय जप्तीचा. बिल बजावल्याची नोंद नसेल तर पुढची प्रत्येक पायरी कच्ची ठरते, आणि नेमकी हीच नोंद अनेक कार्यालयांत नसते. या गावातही मागील दोन वर्षांची बिले बजावलीच गेली नव्हती. ती शिपायामार्फत घरोघर देऊन पोच घेण्यात दोन महिने गेले. एकरकमी ९६० रुपये देणे ज्यांना जड होते, त्यांच्यासाठी महिन्याला ८० रुपये घेऊन लगेच नमुना १० ची पावती देण्याची व्यवस्था झाली. मजुरीवर जगणाऱ्या घरांची वसुली त्यामुळेच सुधारली. वर्षाला हजाराजवळची रक्कम एकदम काढणे त्यांना शक्य नव्हते, परंतु ऐंशी रुपये देणे शक्य होते.

२०२३-२४ च्या अखेरीस २४० पैकी १७१ घरांनी पूर्ण पट्टी भरली. वसुली १,६४,१६० रुपये झाली. खर्च २,२८,००० धरला तर ६३,८४० रुपयांची तूट राहिली, आणि ती जुन्या थकबाकीच्या वसुलीतून कशीबशी भागविली गेली. प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही. दर पुरेसा झाला, वीज पुन्हा तुटली नाही, वस्तीला सकाळी एक तास पाणी मिळू लागले. ६९ घरे मात्र बाकीच राहिली. मोटारींपैकी काही रात्रीच्या वेळी पुन्हा जोडल्या गेल्या आणि एका घराचा नळ खरोखरच तोडावा लागला. सरपंचांच्या घरची मोटर पहिल्या आठवड्यात निघाली होती. नोटिशीवर सासऱ्यांची पोच घेताना घरात काय बोलणे झाले, ते इतिवृत्तात नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट घडली. अंकीय स्वाक्षरीचे उपकरण संगणक चालकाच्या खणातून बाईंच्या पर्समध्ये आले. प्रत्येक रक्कम अदा होताना त्या प्रमाणक पाहतात आणि मगच ते उपकरण संगणकाला लावतात. सुरुवातीला यामुळे कामे दोन दिवस खोळंबत. नंतर प्रमाणके वेळेवर तयार होऊ लागली.

या वर्गास आलेल्या अधिकाऱ्यांना एखाद्या गावात महिला सरपंच स्वतः कारभार पाहते की तिच्या नावाने दुसरा कोणी, हे ओळखावयाचे असेल, तर सत्काराची छायाचित्रे पाहू नयेत. तीन गोष्टी पाहाव्यात. महिला सभेच्या इतिवृत्तात कोणा स्त्रीचे प्रत्यक्ष म्हणणे नोंदलेले आहे काय. ग्रामसभेच्या इतिवृत्तात सरपंचाच्या नावापुढे “मार्गदर्शन केले” याखेरीज काही आकडा, काही सूचना आहे काय. आणि स्वाक्षरीचे उपकरण कोणाजवळ असते. शिक्षकांकडून आणि सदस्यांकडून अपेक्षा याहून साधी आहे. नवी सरपंच पहिल्यांदा वही उघडून उभी राहील तेव्हा तिची बेरीज बरोबर आहे किंवा चूक आहे, एवढे तिला सभेतच सांगावे. या गावातील शिक्षकाने तेवढेच केले होते. त्याने उभे राहून सांगितले, “बेरीज बरोबर आहे.” त्यानंतरची दीड तासाची चर्चा बाई बोलल्या याबद्दल झाली नाही, पाण्याबद्दल झाली.